‘क्षुल्लक तक्रार केल्यास कारवाई’: कंपनीच्या जागल्या धोरणाचं मराठी भाषांतर नेमकं कुठे फसतं?

समजा, चाकणच्या एका कारखान्यात वजनकाट्यावर काम करणारा एक ऑपरेटर आहे. भंगार नेणारी गाडी आधी रिकामी तोलायची, मग भरून तोलायची आणि दोन वजनांतला फरक पावतीवर लिहायचा, हे त्याचं काम. काही दिवसांपासून त्याला एक गोष्ट खटकतेय. एकाच गाडीचं रिकामं वजन एरवी ८,२०० किलो भरतं, पण ठरावीक दिवशी ते ९,००० किलो भरतं. त्या दिवशी रिकामी गाडी काट्यावर येते तेव्हा तिच्यात पाण्याने भरलेले ड्रम असतात. भंगार भरून गाडी परत येते तेव्हा ड्रम नसतात. म्हणजे दर फेरीला ८०० किलो भंगार पैसे न भरता बाहेर जातंय. आणि पावतीवर सही सुपरवायझरची आहे.

कॅन्टीनच्या बाहेर नोटीस बोर्डावर कंपनीचं धोरण मराठीत लावलेलं आहे. गैरप्रकार दिसला तर कळवा, असं त्यात लिहिलंय. ऑपरेटर ते वाचतो. चौथ्या परिच्छेदात एक वाक्य येतं: ‘वारंवार क्षुल्लक तक्रारी करणाऱ्या कर्मचाऱ्यांवर योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ तो विचार करतो, एवढ्या मोठ्या कंपनीला ८०० किलो म्हणजे क्षुल्लकच की. आपण कशाला नसती आफत ओढवून घ्या? आणि तो गप्प बसतो.

मूळ इंग्रजी धोरणात त्याला गप्प बसवणारं काहीही नव्हतं. त्याला अडवलं ते भाषांतरातल्या एका शब्दाने. असे मोजकेच शब्द असतात, पण तक्रार करणारा माणूस नेमका त्यांच्यावरच अडखळतो. ते कोणते आणि त्यांचं काय करायचं, हे समजून घेऊ.

हे धोरण असतं कशासाठी?

कंपनीत चोरी, लाचखोरी, खोटे हिशेब किंवा सुरक्षेशी खेळ चालला असेल, तर ते पाहणाऱ्या माणसाला वरपर्यंत कळवता यावं आणि कळवल्याबद्दल त्याला त्रास होऊ नये, यासाठी हे धोरण असतं. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला अशी व्यवस्था ठेवावी लागते. लोकांकडून ठेवी घेणाऱ्या कंपन्या आणि बँका व सार्वजनिक वित्तसंस्थांकडून ५० कोटी रुपयांपेक्षा जास्त कर्ज घेतलेल्या कंपन्याही नियमांनी त्यात आणल्या आहेत. सेबीचे नियमही नोंदणीकृत कंपन्यांना हेच सांगतात.

या नियमांत दोन गोष्टी ठळक आहेत. तक्रार करणाऱ्याचा छळ होऊ नये यासाठी पुरेसं संरक्षण हवं. आणि अपवादात्मक परिस्थितीत त्याला थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांपर्यंत जाता आलं पाहिजे.

या व्यवस्थेचा तपशील कंपनीने वेबसाइटवर द्यावा, असंही कायदा सांगतो. पण कोणत्या भाषेत, ते सांगत नाही. कारखान्यांच्या जुन्या कायद्यात मात्र ही काळजी घेतलेली होती. १९४६ च्या स्थायी आदेशांच्या कायद्यानुसार कामाचे नियम इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावावे लागत. जागल्या धोरणाला अशी सक्ती नाही. त्यामुळे होतं काय, की इंग्रजी मसुदा वकिलाच्या हाताखालून जातो आणि मराठी मसुदा घाईघाईत, शब्दाला शब्द ठेवून तयार होतो.

पहिला प्रश्न नावाचाच

इंग्रजी शब्दाचं शब्दशः मराठी ‘शिट्टी वाजवणारा’. हे वाचून गेटवरचा सिक्युरिटी गार्ड डोळ्यांसमोर येतो. ‘खबऱ्या’ म्हटलं की पोलिसांचा माणूस. आणि शॉपवर अशा माणसाला ‘चुगलखोर’ म्हणतात, हे वेगळं सांगायला नको.

मराठी वर्तमानपत्रांनी यासाठी एक चांगला शब्द रुळवला आहे: जागल्या. गाव झोपलेलं असताना रात्री जागून राखण करणारा तो जागल्या. या शब्दाला मान आहे आणि त्याचं काम काय ते लगेच कळतं. तरी फक्त नाव देऊन थांबता येत नाही, कारण शहरात वाढलेल्या अनेकांनी हा शब्द ऐकलेलाच नसतो. म्हणून शीर्षकात ‘जागल्या धोरण’ आणि त्याखाली लगेच ‘गैरप्रकार कळवण्याची पद्धत आणि कळवणाऱ्याला मिळणारं संरक्षण’ अशी ओळ हवी.

नावाहून मोठा घोटाळा दुसऱ्याच एका शब्दाचा होतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला इंग्रजी धोरणात अनेकदा ‘सब्जेक्ट’ म्हणतात. मराठीत त्याचा ‘विषय’ झालेला दिसतो. मग वाक्य तयार होतं, ‘विषयास आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली जाईल.’ हे वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. ‘ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती’ असं सरळ लिहिलं की प्रश्न संपला. चार शब्द जास्त लागतात, तर लागू द्यावेत.

‘गोपनीय’ आणि ‘निनावी’ यात जीवघेणा फरक आहे

तक्रार करणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न एकच असतो, माझं नाव कुणाला कळणार? धोरणात याची दोन वेगवेगळी उत्तरं असतात. निनावी तक्रार म्हणजे नाव दिलंच नाही, ते कंपनीलाही माहीत नाही. गोपनीय तक्रार म्हणजे नाव दिलंय, ते दोन-तीन ठरावीक लोकांना माहीत आहे आणि ते इतरांना सांगायचं नाही, असं त्यांच्यावर बंधन आहे.

भाषांतरात दोन्हींसाठी ‘गुप्त’ हा एकच शब्द वापरला, तर मोठी गफलत होते. ‘तुमची तक्रार गुप्त राहील’ हे वाचून माणूस समजतो की आपण कोण ते कुणालाच कळणार नाही. प्रत्यक्षात चौकशी करणाऱ्याला त्याचं नाव माहीत असतं. पुढे प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात गेलं, तर कायद्याने मागितल्यास ते नाव द्यावंही लागू शकतं. ही अट इंग्रजीत ‘कायद्याने आवश्यक असल्यास वगळून’ अशा अर्थाच्या छोट्या तुकड्यात लपलेली असते आणि मराठीत तो तुकडा वाक्याच्या मधोमध हरवतो.

नाव फुटलं तर काय होऊ शकतं, याची भारतातली सगळ्यांत जास्त सांगितली जाणारी घटना सत्येंद्र दुबे यांची आहे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणात इंजिनिअर असलेल्या दुबे यांनी सुवर्ण चतुष्कोन प्रकल्पातल्या गैरव्यवहाराबद्दल २००२ मध्ये पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिलं. आपलं नाव उघड करू नये, अशी विनंती त्यांनी केली होती. तरीही पत्र त्यांच्या नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरलं. नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. हा लुटीच्या प्रयत्नात झालेला खून होता, असं सीबीआयने कोर्टात मांडलं. पण नाव फुटलं होतं, हे त्याने बदलत नाही. देशभर संताप उसळला, सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि २००४ मध्ये केंद्र सरकारने अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे देण्याची व्यवस्था एका ठरावाने सुरू केली.

म्हणून मराठी धोरणात हा भाग तुटक वाक्यांत, पण स्पष्ट हवा. उदाहरणार्थ: ‘तुम्ही नाव देऊन किंवा नाव न देता तक्रार करू शकता. नाव दिलंत, तर ते फक्त ऑडिट कमिटीचे अध्यक्ष आणि चौकशी अधिकारी यांनाच माहीत असेल. तुमच्या सुपरवायझरला, खातेप्रमुखाला किंवा एचआरला ते सांगितलं जाणार नाही. कोर्टाने किंवा तपास यंत्रणेने कायद्यानुसार मागितलं, तर मात्र कंपनीला ते द्यावं लागेल.’

शेवटचं वाक्य वाचून काही जण मागे हटतील, असं वाटून ते गाळण्याचा मोह होतो. पण ते गाळलं आणि उद्या नाव कोर्टात गेलं, तर त्या कारखान्यात पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

निनावी तक्रारीबद्दल आणखी एक गोष्ट सांगावी लागते. नाव नसेल, तर चौकशी करणारा परत फोन करून काही विचारू शकत नाही. त्यामुळे गाडीचा नंबर, तारखा आणि काट्याच्या पावतीचे नंबर पहिल्याच चिठ्ठीत लिहिलेले असले पाहिजेत. ‘भंगारात घोटाळा चालू आहे’ एवढंच लिहिलं, तर चिठ्ठी फाइलला लागते आणि तिथेच राहते.

‘सूड’ म्हटलं की काय डोळ्यांसमोर येतं?

तक्रार करणाऱ्याला त्रास देणं, याला इंग्रजी धोरणात जो शब्द आहे त्याचं मराठी ‘सूड’, ‘बदला’ किंवा ‘प्रतिशोध’ असं केलं जातं. शब्द चुकीचे नाहीत, पण फार मोठे आहेत. सूड म्हटलं की मारहाण, धमकी किंवा थेट कामावरून काढणं डोळ्यांसमोर येतं. कारखान्यात तक्रार करणाऱ्याला त्रास होतो तो वेगळ्याच वाटांनी, आणि त्याला कुणी सूड म्हणत नाही.

आपल्या ऑपरेटरचं उदाहरण घेऊ. त्याने तक्रार केली आणि पुढच्या महिन्यात त्याला कायमची रात्रपाळी लागली. ओव्हरटाइम बंद झाला. वजनकाट्यावरून उचलून लोडिंगला टाकलं. रजेचा अर्ज अडून राहिला. तो कंत्राटी आहे, म्हणून कंत्राटदाराने ‘उद्यापासून येऊ नको’ म्हटलं. यातलं प्रत्येक कारण कागदावर कामाच्या गरजेचं दाखवता येतं. धोरणात फक्त ‘सूडबुद्धीने कारवाई केली जाणार नाही’ एवढंच असेल, तर आपल्यासोबत घडतंय तेच ते, हे त्याच्या लक्षातच येणार नाही.

म्हणून इथे शब्दाऐवजी यादी लागते. ‘तक्रार केल्याबद्दल कामावरून काढणं, कंत्राट न वाढवणं, बदली, पाळी बदलणं, ओव्हरटाइम बंद करणं, पगारवाढ रोखणं, रजा अडवणं, सगळ्यांसमोर अपमान करणं किंवा वाळीत टाकणं हे सगळं या धोरणाविरुद्ध आहे. असं घडलं, तर तीही वेगळी तक्रार म्हणून कळवा.’ अशी यादी इंग्रजी मसुद्यात नसेल, तर भाषांतरकाराने ती स्वतःच्या मनाने घालू नये. ती कंपनीच्या कायदा विभागाकडून मंजूर करून घ्यावी आणि इंग्रजीतही घालायला लावावी. दोन भाषांत दोन वेगळी वचनं असणं पुढे कुणाच्याच फायद्याचं नसतं.

सद्भावना, खोटी, क्षुल्लक: तीन शब्द, तीन गैरसमज

आता त्या ‘क्षुल्लक’कडे येऊ. कंपनी कायद्याच्या नियमांत अशी तरतूद खरोखर आहे, की वारंवार बिनबुडाच्या तक्रारी करणाऱ्यावर ऑडिट कमिटी समज देण्यापासून योग्य ती कारवाई करू शकते. इंग्रजीतल्या मूळ शब्दाचा इथला अर्थ आहे ज्याला काहीच आधार नाही, उगाच केलेली. त्याचा रकमेशी संबंध नाही. पण मराठीत क्षुल्लक म्हणजे किरकोळ, लहानशी. त्यामुळे अर्थ उलटाच होतो आणि लहान रकमेची खरी तक्रार करणारा घाबरतो. ‘कोणताही आधार नसताना पुन्हा पुन्हा केलेल्या तक्रारी’ असं लिहिलं की हा घोटाळा टळतो. पुढे एक वाक्य जोडलं तर उत्तमच: ‘रक्कम लहान आहे म्हणून तक्रार बिनबुडाची ठरत नाही.’

दुसरा शब्द ‘सद्भावना’. तक्रार सद्भावनेने केलेली असेल तरच संरक्षण मिळेल, असं बहुतेक मराठी मसुद्यांत असतं. रोजच्या मराठीत सद्भावना म्हणजे दुसऱ्याबद्दल चांगली भावना, सलोखा. ऑपरेटरचं सुपरवायझरशी गेल्या वर्षी बोनसवरून वाजलेलं आहे. त्याच्या मनात त्या माणसाबद्दल सद्भावना अजिबात नाही. मग त्याची तक्रार चालणार नाही का? चालते. प्रश्न त्याला सुपरवायझर आवडतो का, हा नाही. आपण सांगतोय ते खरं आहे असं मानायला त्याच्याकडे रास्त कारण आहे का, हा आहे.

युरोपने हा गोंधळ कायद्यातच मिटवला. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशात संरक्षणासाठी माहिती खरी वाटण्याचं रास्त कारण पुरेसं मानलं आहे, तक्रार करणाऱ्याचा हेतू काय होता हे नाही. ब्रिटननेही २०१३ मध्ये संरक्षणासाठी असलेली सद्भावनेची अट काढून टाकली. भारतातल्या कंपन्यांच्या धोरणांत मात्र ती अजून सर्रास असते. निदान मराठीत ती अशी उलगडून लिहावी: ‘तुम्ही सांगताय ते खरं आहे असं तुम्हाला प्रामाणिकपणे वाटत असलं पाहिजे आणि तसं वाटायला काहीतरी कारण असलं पाहिजे. तुमच्याकडे पूर्ण पुरावा असण्याची गरज नाही.’

तिसरा शब्द ‘खोटी’. ‘तक्रार खोटी निघाल्यास कारवाई होईल’ या वाक्यात मराठी वाचकाला दोन अर्थ दिसतात. माणूस मुद्दाम खोटं बोलला हा एक, आणि चौकशीत काही सिद्ध झालं नाही हा दुसरा. ड्रममध्ये खरंच कारखान्याच्याच कामाचं पाणी होतं, असं उद्या निघू शकतं. तेव्हा ऑपरेटर चुकला असेल, पण तो खोटं बोलला नाही. म्हणून ‘खोटं आहे हे माहीत असूनही केलेली तक्रार’ असंच लिहायला हवं. आणि ‘चौकशीत तक्रार सिद्ध झाली नाही, तरी प्रामाणिकपणे तक्रार करणाऱ्यावर कारवाई होणार नाही’ हे वाक्य त्याच्या शेजारीच हवं.

कर्मचारी म्हणजे नक्की कोण?

कायद्याच्या कलमात ‘संचालक आणि कर्मचारी’ असे शब्द आहेत. ऑफिसात कर्मचारी म्हणजे पगारावर असलेले सगळे. पण शॉपवर विचारा. तिथे ‘कर्मचारी’ म्हणजे स्टाफ, एसी केबिनमधले लोक. मशीनवरचे ते कामगार. ट्रेनी वेगळे, कंत्राटी वेगळे, हाउसकीपिंग आणि सिक्युरिटी त्याहून वेगळे. आपला ऑपरेटर कंत्राटदाराच्या हजेरीपटावर आहे. ‘सर्व कर्मचाऱ्यांना संरक्षण’ हे वाचून तो स्वतःला त्यात धरत नाही.

आणि अनेकदा तो बरोबरही असतो. काही कंपन्यांचं धोरण फक्त स्वतःच्या पगारपटावरच्या लोकांना लागू असतं, काहींचं कंत्राटी कामगार आणि माल पुरवठादारांनाही. भाषांतर करणाऱ्याने इथे अंदाज बांधू नये. कंपनी सेक्रेटरीला विचारावं आणि उत्तर गट पाडून लिहावं: कायम कामगार, कार्यालयीन कर्मचारी, ट्रेनी, कंत्राटी कामगार, पुरवठादार. ज्यांना संरक्षण नाही त्यांनाही ते आधी कळलं पाहिजे, तक्रार केल्यानंतर नव्हे.

आचारसंहितेतही असाच एक शब्द अडतो, ‘हितसंबंधांचा संघर्ष’. शब्द मराठी आहे, पण वाचणाऱ्याला संघर्ष म्हणजे भांडण वाटतं. भंगाराचं कंत्राट ज्याला मिळालंय तो सुपरवायझरचा मेव्हणा असेल, तर तिथे भांडण कुठे आहे? उलट सगळं गोडीगुलाबीत चाललंय! म्हणून ‘कंपनीचा फायदा आणि स्वतःचा किंवा नातेवाइकाचा फायदा एकमेकांच्या आड येणं’ असं लिहून मेव्हण्याचं उदाहरण देणं हाच सोपा मार्ग.

‘कळवावे’ म्हणजे सल्ला की हुकूम?

इंग्रजी धोरणात ‘करू शकतो’ आणि ‘केलंच पाहिजे’ यांत कडक फरक असतो. मराठीत ‘कर्मचाऱ्यांनी गैरप्रकार कळवावा’ हे वाक्य दोन्हींच्या मधोमध लटकतं. कुणी त्याला सल्ला समजतो, कुणी आदेश. काही आचारसंहितांमध्ये गैरप्रकार माहीत असून लपवणं हाही नियमभंग असतो. तिथे ‘कळवणं बंधनकारक आहे’ असं लिहिलं नाही, तर गप्प बसलेल्या माणसाला पुढे चौकशीत अडकल्यावरच ते कळतं.

कंपनीच्या बाजूनेही हेच. ‘गोपनीयता राखण्यात येईल’ या वाक्यात कर्ताच नाही. कोण राखणार? नाही राखली तर कोणाला विचारायचं? ‘चौकशी अधिकाऱ्याने तुमचं नाव गोपनीय ठेवणं बंधनकारक आहे’ असं लिहिलं की जबाबदारी कुणाची ते कळतं.

तक्रार जाते कुठे? लिफाफ्यापासून फोनपर्यंत

तक्रारीचे मार्ग हा भाग भाषांतराला सगळ्यांत सोपा वाटतो, कारण त्यात पत्ते आणि नंबर असतात. पण धोरण वापरून पाहिलं की गडबड इथेच सापडते.

बऱ्याच धोरणांत तक्रार बंद लिफाफ्यात घालून वर ठरावीक इंग्रजी शब्द लिहायला सांगितलेले असतात. ते शब्द पाहिले की टपाल घेणाऱ्या क्लार्कने लिफाफा न फोडता थेट अध्यक्षांकडे पाठवायचा असतो. मराठी धोरणात या शब्दांचं ‘संरक्षित प्रकटीकरण’ असं भाषांतर केलं आणि कामगाराने लिफाफ्यावर तेच लिहिलं, तर टपाल विभागाला त्याचा अर्थ माहीत नसतो. लिफाफा फुटतो आणि पत्र खात्यात फिरतं. उपाय साधा आहे. लिफाफ्यावर काय लिहायचं ते कामगाराला जमेल असं मराठीत ठरवायचं, उदाहरणार्थ ‘जागल्या तक्रार, न फोडता पाठवा’, आणि टपाल घेणाऱ्यांना तशी लेखी सूचना द्यायची. लिफाफ्यावर स्वतःचं नाव लिहू नये, ते आतल्या पत्रात लिहावं, हेही सांगायचं.

फोनचं तसंच. ‘हेल्पलाइन मराठीत उपलब्ध’ असं छापण्याआधी त्या नंबरवर सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री फोन करून पाहावा. आधी इंग्रजीत मिनिटभर रेकॉर्ड वाजत असेल आणि मग ‘ऑफिसच्या वेळेत फोन करा’ म्हणत असेल, तर छापलेलं वाक्य खोटं आहे. ज्याला कंपनीचा ईमेल आयडीच दिलेला नाही, त्याच्यासाठी ईमेलचा मार्ग नसल्यातच जमा. आणि तक्रारपेटी कॅमेऱ्याखाली लावलेली असेल, तर तिच्यावर ‘निनावी’ लिहून उपयोग नाही.

‘ऑडिट कमिटीचे अध्यक्ष’ कोण, हेही एका ओळीत सांगावं लागतं. कामगाराला ते मोठ्या साहेबांपैकीच एक वाटतात. नोंदणीकृत कंपनीत ते स्वतंत्र संचालक असतात, म्हणजे रोजचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापनातले नसतात. तक्रार खुद्द वरच्या साहेबाविरुद्ध असेल, तेव्हा हीच माहिती धीर देते.

लैंगिक छळाची तक्रार मात्र या वाटेने जात नाही. तिच्यासाठी २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समिती असते आणि तक्रार साधारणपणे घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. योग्य कारण असेल, तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मराठी धोरणात ही फाटाफूट पहिल्याच पानावर दाखवली नाही, तर चुकीच्या पेटीत तक्रार टाकून त्या बाईचे दिवस वाया जातात.

भाषांतर बरोबर झालंय, हे कसं ओळखायचं?

नेहमीची पद्धत म्हणजे उलट भाषांतर. मराठी मसुदा दुसऱ्या माणसाला देऊन पुन्हा इंग्रजीत करून घ्यायचा आणि मूळाशी ताडून पाहायचा. यात गळालेलं वाक्य, चुकलेला आकडा, ‘किंवा’चं झालेलं ‘आणि’ सापडतं. पण ‘क्षुल्लक’ सापडत नाही. कारण उलट भाषांतर करणाऱ्याला इंग्रजी येतं. तो ‘क्षुल्लक’ वाचतो, त्यामागचा इंग्रजी शब्द ओळखतो आणि बरोबर तोच लिहितो. कागद जुळतो, अर्थ जुळत नाही.

ते सापडतं फक्त वाचून घेतल्यावर. वेगवेगळ्या पाळ्यांतले आणि खात्यांतले सात-आठ जण निवडावेत. त्यात कंत्राटी आणि हाउसकीपिंगचे लोक हवेतच, सुपरवायझर खोलीत नको. ‘समजलं का?’ असं विचारू नये, त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात. प्रसंग द्यावा. ‘भंगाराच्या गाडीत दोन हजाराचा घोटाळा दिसला. कळवलं तर कळवणाऱ्यावर कारवाई होईल का?’ ‘नाव लिहून पत्र दिलं. कुणाकुणाला कळेल?’ ‘तक्रारीनंतर रात्रपाळी लागली. आता काय करायचं?’ दोन जणांनीही चुकीचं उत्तर दिलं, तर दोष त्यांच्या वाचनाचा नाही. ते वाक्य बदलायचं आणि दुसऱ्या लोकांना दाखवायचं.

आणि शेवटची बारीक ओळ

मराठी धोरणाच्या तळाशी बहुतेकदा लिहिलेलं असतं, ‘तफावत आढळल्यास इंग्रजी प्रत ग्राह्य धरली जाईल.’ वकिलाच्या दृष्टीने हे ठीक आहे. पण त्याचा अर्थ असाही होतो, की मराठी वाचून विश्वासाने पाऊल टाकणाऱ्याला भाषांतराच्या चुकीची किंमत मोजावी लागेल. ती ओळ ठेवायचीच असेल, तर सोबत दुसरी जोडता येते: ‘मात्र मराठी प्रतीवर विसंबून प्रामाणिकपणे तक्रार करणाऱ्याचं संरक्षण या कारणाने काढून घेतलं जाणार नाही.’ दोन्ही प्रतींवर एकच आवृत्ती क्रमांक आणि तारीखही हवी. नाहीतर इंग्रजी धोरण बदलतं आणि बोर्डावर तीन वर्षांपूर्वीचा, नोकरी सोडून गेलेल्या अधिकाऱ्याचा नंबर तसाच राहतो.

चांगल्या भाषांतरालाही मर्यादा आहेत. धोरणात नसलेलं संरक्षण भाषांतर देऊ शकत नाही. सरकारी कारभारातल्या तक्रारींसाठीचा २०१४ चा जागल्या संरक्षण कायदा संसदेत मंजूर झाला, त्यावर राष्ट्रपतींची सहीही झाली, पण तो लागू करणारी अधिसूचना निघाली नाही. त्यामुळे केंद्र सरकारच्या कार्यालयांतल्या भ्रष्टाचारासाठी अजून २००४ च्या ठरावाचीच वाट आहे. तिथे निनावी तक्रार चालत नाही. नाव पत्रात द्यावं लागतं आणि आयोग ते गोपनीय ठेवतो. खासगी कंपनीच्या कामगाराचा आधार मुख्यतः त्याच्या कंपनीचं धोरणच आहे.

म्हणून बोर्डावरच्या त्या कागदाचं मोल आहे. वजनकाट्यावरच्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत तो एकदा वाचला, तर त्याला तीन गोष्टी कळल्या पाहिजेत: ८०० किलो क्षुल्लक नाहीत, चिठ्ठी कुणाच्या हातात जाणार आहे आणि उद्या रात्रपाळी लागली तर कुणाला सांगायचं.